बगदाद पडल्यावर पुस्तकांचं आणि विद्वानांचं काय झालं

प्रश्न: मंगोलांनी १२५८ मध्ये बगदादची ग्रंथालयं तैग्रिस नदीत फेकली आणि शाईने नदीचं पाणी काळं झालं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे कितपत खरं आहे? आणि एवढं सगळं बुडालं असेल, तर पुढच्या शंभर वर्षांत तिकडे इतके मोठे गणिती आणि खगोलज्ञ कसे झाले? त्यांच्याकडे पुस्तकं कुठून आली?

उत्तर:

नदी काळी झाल्याची गोष्ट घटनेच्या वेळी हजर असलेल्या कोणी लिहिलेली नाही. पुस्तकं नदीत टाकली गेल्याची वर्णनं ठळकपणे येतात ती पुढच्या शतकांतल्या लेखकांकडून. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दूनने तसं लिहिलं आहे आणि त्यानंतरच्या लेखकांनी त्यात भर घातली. बगदादची लूट आणि कत्तल मात्र पूर्ण खरी आहे. १० फेब्रुवारी १२५८ ला खलीफा मुस्तासिम शरण आला, त्यानंतर शहर लुटलं गेलं आणि काही दिवसांनी खुद्द खलीफाला ठार केलं. मुहियुद्दीन इब्न अल-जौझी हा दरबारातला मोठा पंडित आपल्या मुलांसह मारला गेला, सरसरी नावाचा आंधळा कवी मारला गेला. असे अनेक. त्यामुळे ‘नदीची गोष्ट उत्तरकालीन आहे’ म्हणजे ‘काही झालंच नाही’ असा अर्थ काढू नका. मी ही साधनं बरीच वर्षं वाचतो आणि शिकवतो. विद्यार्थी या दोन टोकांपैकी एक गाठतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

पुस्तकं गेली कुठे, याचं उत्तर देण्याआधी एक फरक स्पष्ट केला पाहिजे. मंगोल स्वारी ही एक घटना नव्हती. १२१९ ते १२२१ मध्ये चंगीझ खानाने खुरासान आणि मध्य आशिया उद्ध्वस्त केला, आणि जवळपास चाळीस वर्षांनी त्याचा नातू हुलागू इराण-इराकमध्ये आला. या दोन स्वाऱ्यांत ग्रंथांच्या वाट्याला आलेलं नशीब अगदी वेगळं आहे.

पहिल्या स्वारीसाठी मर्वचं उदाहरण घ्या. हे शहर आजच्या तुर्कमेनिस्तानात होतं. याकूत अल-हमवी नावाचा पुस्तकविक्रेता आणि भूगोलकार १२१६ च्या सुमारास तिथे पोचला आणि तिथल्या ग्रंथालयांच्या प्रेमातच पडला. त्याने शहरातली दहा वक्फ ग्रंथालयं नोंदवली आहेत, म्हणजे दान दिलेल्या मिळकतीवर चालणारी. त्यातल्या सर्वांत मोठ्या अझीझिया ग्रंथालयात सुमारे १२,००० ग्रंथ होते असं तो सांगतो. देवघेव इतकी सैल होती की त्याच्या बिऱ्हाडी कायम दोनशेच्या आसपास ग्रंथ असत आणि बहुतेकांसाठी अनामतही मागितली जात नसे. त्याच्या भूगोलकोशाचा मोठा भाग या ग्रंथांच्या टिपणांवर उभा आहे. मंगोल आले नसते तर मरेपर्यंत मर्व सोडलं नसतं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. तो वेळेत निसटला आणि हाल काढत मोसुलला पोचला. १२२१ मध्ये चंगीझचा मुलगा तोलुई मर्वला आला आणि शहर संपलं.

मर्वची ग्रंथालयं पुन्हा उभी राहिली नाहीत. जाळपोळीपेक्षाही मोठं कारण पाण्याचं होतं. मुर्गाब नदीवरचा बंधारा आणि कालवे मोडले, शेती गेली, आणि ज्या शेतांच्या व बाजारांच्या उत्पन्नावर मदरसे चालत ते उत्पन्नच राहिलं नाही. ग्रंथपालाचा पगार, शिक्षकाची नेमणूक, विद्यार्थ्यांचं जेवण, कागद, दिव्याचं तेल हे सगळं वक्फच्या जमिनींतून येई. जमीन ओसाड पडली की चार भिंतींत उरलेले ग्रंथही हळूहळू विखुरतात. मर्व पुन्हा वसवलं गेलं ते तैमूरचा मुलगा शाहरुख याच्या काळात, १४०९ च्या सुमारास. तोवर दोनशे वर्षं उलटली होती.

आता बगदाद बघा. तिथल्या मुस्तन्सिरिया मदरशाचं उद्घाटन १२३४ मध्ये झालं तेव्हा खलीफाच्या संग्रहातले ग्रंथ १६० हमालांनी वाहून आणले, अशी नोंद आहे. लुटीनंतर काही काळातच या मदरशात पुन्हा पाठ सुरू झाले आणि शिक्षकांच्या नेमणुकांच्या नोंदी पुढे चालूच राहतात. १३२७ मध्ये इब्न बतूता बगदादला गेला तेव्हा हा मदरसा चालू होता आणि चारही विधिशाखांचे आचार्य आपापल्या जागी बसून शिकवताना त्याने पाहिले. इमारत, जमिनी, दुकानं आणि त्यांचं उत्पन्न टिकलं होतं, म्हणून ग्रंथालयही टिकलं. बगदादचा कारभार अता मलिक जुवैनी या इराणी अधिकाऱ्याकडे आला आणि त्याने वीसेक वर्षं तो पाहिला. कालवे दुरुस्त करणारा आणि विद्वानांना पोसणारा हा माणूस होता.

मधल्या काही महिन्यांत पुस्तकांचं काय झालं याची एक नोंद मला फार बोलकी वाटते. बगदादच्या एका इतिवृत्तात म्हटलं आहे की हिल्ला आणि कूफा या गावांतले लोक उपाशी बगदादला धान्य घेऊन येत आणि त्याच्या मोबदल्यात मौल्यवान ग्रंथ व पितळी भांडी नेत. म्हणजे लुटीत हाती आलेला ग्रंथ पोतंभर धान्याला विकला जात होता. मालकी बदलली, ग्रंथ राहिला. हिल्ला मंगोलांना आधीच शरण गेल्यामुळे बचावलं होतं, आणि पुढच्या शतकात शिया विद्येचं सर्वांत मोठं केंद्र तेच झालं. त्याला बगदादमधून असे आलेले ग्रंथही कारण झाले असावेत. इब्न ताऊस या शिया पंडिताचा सुमारे १,५०० ग्रंथांचा खासगी संग्रह होता. त्याने हुलागूची सत्ता मान्य केली, त्याला संरक्षण मिळालं आणि तो १२६६ पर्यंत जगला. त्याच्या लेखनात जागोजागी दिलेल्या उताऱ्यांवरून आज त्याच्या कपाटातले शेकडो ग्रंथ ओळखता येतात, कित्येक तर असे की ज्यांची प्रत आता जगात कुठेच नाही.

हुलागूच्या छावणीत ग्रंथांना मागणी कोणाची होती, हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर एका माणसाभोवती फिरतं: नसीरुद्दीन तूसी.

तूसीचा जन्म १२०१ मध्ये खुरासानातल्या तूस गावचा. निशापूरला शिकला, आणि तेच शहर १२२१ मध्ये मंगोलांनी जमीनदोस्त केलं. तो पश्चिमेला सरकला, मोसुलला कमालुद्दीन इब्न यूनुस या गणितज्ञाकडे काही काळ राहिला आणि नंतर इस्माइली या शिया पंथाच्या राज्यकर्त्यांच्या आश्रयाला गेला. आधी कुहिस्तानात, मग आलमूतच्या डोंगरी किल्ल्यांत. बाहेर जग कोसळत होतं, तेव्हा या किल्ल्यांत चांगलं ग्रंथालय होतं, उपकरणं होती आणि सवड होती. तिथेच त्याने युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा खगोलावरचा ग्रंथ अल्माजेस्ट यांच्या सुधारित अरबी आवृत्त्या तयार केल्या. अल्माजेस्टची १२४७ मध्ये आणि युक्लिडची १२४८ मध्ये पूर्ण झाली. या दोन्हींबद्दल पुढे पुन्हा बोलायचं आहे.

१२५६ च्या नोव्हेंबरात इस्माइली इमाम हुलागूला शरण आला आणि तूसी विजेत्यांकडे गेला. आलमूतच्या ग्रंथालयाचं काय करायचं हे ठरवायला जो माणूस आत गेला तो म्हणजे वर सांगितलेला जुवैनी. त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की कुराणाच्या प्रती आणि चांगले ग्रंथ त्याने बाजूला काढले, खगोलाची उपकरणं काढून घेतली आणि इस्माइली पंथाची पाखंडी पुस्तकं जाळली. आलमूतच्या इस्माइली राज्याचा संस्थापक हसन सब्बाह याचं एक चरित्र मात्र त्याने वाचलं आणि त्यातला मजकूर आपल्या इतिहासात उतरवून घेतला. इथे थांबून विचार करा. ग्रंथालय जाळण्याचा निर्णय घोड्यावरच्या मंगोलाचा नव्हता, तो एका सुशिक्षित सुन्नी विद्वानाचा होता, आणि तो पुस्तकं चाळून, निवडून घेतलेला होता. इस्माइली ग्रंथांचा ऱ्हास हा माझ्या मते या सगळ्या काळातला सर्वांत पक्का, सर्वांत जाणूनबुजून झालेला नाश आहे. त्याची नदीसारखी लोककथा मात्र झाली नाही.

दोन वर्षांनी बगदाद पडलं तेव्हा तूसी हुलागूबरोबर होता. १२५९ मध्ये इराणच्या अझरबैजान प्रांतातल्या मराघा गावाजवळच्या टेकडीवर वेधशाळेचं काम सुरू झालं. हुलागूला भविष्यासाठी ज्योतिष हवं होतं. त्यासाठी अचूक ग्रहस्थितीची कोष्टकं लागतात आणि कोष्टकांसाठी वेध. तूसीने सांगितलं की शनीची एक फेरी तीस वर्षांची असते, तेव्हा नीट काम करायचं तर तीस वर्षं द्या. हुलागूने बारा वर्षांत करा म्हणून सांगितलं.

या वेधशाळेत माणसं कशी जमली ते पाहिलं की विस्कटलेलं जाळं पुन्हा कसं विणलं गेलं ते दिसतं. तूसीने आपल्या कोष्टकांच्या प्रस्तावनेत चार सहकाऱ्यांची नावं दिली आहेत: दमास्कसचा मुअय्यदुद्दीन उर्दी, मोसुलचा फख्रुद्दीन मराघी, तिफ्लिसचा फख्रुद्दीन खिलाती आणि कझवीनचा नजमुद्दीन. चार माणसं, चार शहरं. उर्दी यंत्रं बांधण्यात निष्णात होता, आधी सीरियात होम्सच्या राजासाठी त्याने यंत्र केलं होतं. मराघाची यंत्रं कशी बांधली, याचं त्याने लिहिलेलं वर्णन उपलब्ध आहे. त्याच्या मुलाने घडवलेला ताऱ्यांचा गोल आज जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयात पाहता येतो.

पाचवा माणूस वेगळ्या वाटेने आला. १२६० मध्ये मंगोल सीरियात घुसले तेव्हा मुहियुद्दीन मघ्रिबी हा पश्चिमेकडून आलेला गणिती तिथे होता. कत्तल चालू असताना ‘मी ज्योतिषी आहे’ असं ओरडून त्याने आपला जीव वाचवला. त्याला मराघाला पाठवलं गेलं. मंगोल शहर घेताना कारागीर, वैद्य, ज्योतिषी अशा कसबी लोकांना वेगळं काढत, बाकीच्यांना नाही. म्हणून विद्येच्या सगळ्या शाखा सारख्या वाचल्या नाहीत. गणित, खगोल, वैद्यक यांना आश्रय मिळाला. हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं सांगणाऱ्या, अक्षरन् अक्षर तोंडी परंपरा जपणाऱ्या खुरासानी घराण्यांना तो मिळाला नाही. निशापूरची हदीस परंपरा या धक्क्यातून कधीच सावरली नाही, आणि त्या विद्येचं केंद्र दमास्कस व कैरोकडे सरकलं. ग्रंथाची दुसरी प्रत सापडू शकते. गुरूने शिष्याला समोर बसवून दिलेला पाठ आणि तो पुढे शिकवण्याचा परवाना मात्र त्या दोन माणसांबरोबरच जातो.

आता मराघाचं ग्रंथालय. चौदाव्या शतकातले चरित्रकार तिथे ४,००,००० ग्रंथ होते असं सांगतात आणि हा आकडा आजही सर्रास उतरवला जातो. तो मानू नये. आलमूत, बगदाद, सीरिया, उत्तर इराक इथून ग्रंथ आले हे खरं. पण त्याच शतकातली जी संग्रहांची सूची प्रत्यक्ष हाती आहे ती बघा: दमास्कसच्या अश्रफिया ग्रंथालयाच्या सूचीत दोन हजारांहून थोडे जास्त ग्रंथ आहेत, आणि ते चांगलं ग्रंथालय समजलं जाई. एका उंटावर दोनशे ग्रंथ लादले तरी चार लाखांना दोन हजार उंट लागतील, आणि एवढ्या तांड्याची नोंद कोणी केलेली नाही. काही हजार ते काही दहा हजार, एवढाच अंदाज मला सयुक्तिक वाटतो. गोल, प्रचंड आकडा आणि घटनेपासून शंभर वर्षांचं अंतर, ही दोन लक्षणं एकत्र दिसली की मी विद्यार्थ्यांना आकडा बाजूला ठेवायला सांगतो.

पैशाची सोय जास्त भरवशाने सांगता येते. हुलागूने राज्यातल्या वक्फ मिळकतींची देखरेख तूसीकडे दिली आणि त्या उत्पन्नाचा सुमारे दहावा हिस्सा वेधशाळेसाठी वापरला जाई. १२६४ च्या सुमारास तूसी बगदादला आला, हिशेब तपासले, मग खाली वासित आणि बसऱ्याकडे गेला आणि वेधशाळेसाठी बरेच ग्रंथ गोळा केले. इथे एक अवघड गोष्ट आहे, ती झाकू नये. वक्फचा ग्रंथ कायद्याने जागचा हलवता येत नाही, तो ज्या संस्थेला दिला तिथेच राहायला हवा. म्हणून नंतरच्या सीरियन लेखकांनी तूसीवर कडक टीका केली. त्याने बगदादचे दानाचे ग्रंथ उचलून आपल्या वेधशाळेत नेले, असं त्यांचं म्हणणं आहे. मराघाच्या दृष्टीने जे जतन होतं, ते बगदादच्या दृष्टीने लुटीचंच पुढचं पाऊल होतं. दोन्ही बाजूंनी पाहिलं तरच हे प्रकरण पूर्ण कळतं.

या ग्रंथालयाचा कारभार ज्याच्या हातात गेला त्याची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इब्न अल-फुवती १२४४ मध्ये बगदादला जन्मला. शहर पडलं तेव्हा चौदा वर्षांचा होता, मंगोलांनी त्याला कैदी करून नेलं. काही वर्षांनी तूसीने त्याला मराघाला आणलं आणि दहाएक वर्षांहून जास्त काळ तो तिथला ग्रंथपाल होता. वेधशाळेला कोण कोण भेट देऊन गेलं याची त्याने एक स्वतंत्र नोंदवही लिहिली, ती आज हरवलेली आहे. पण त्याच नोंदींतून त्याने माणसांच्या उपाध्यांप्रमाणे लावलेला प्रचंड चरित्रकोश तयार केला आणि त्याच्या संक्षेपाचे काही भाग टिकले आहेत. १२८० च्या सुमारास जुवैनीने त्याला बगदादला परत बोलावलं आणि मुस्तन्सिरियाच्या ग्रंथालयाचं काम दिलं. कैदी म्हणून ज्या शहरातून नेला, त्याच शहराच्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयात तो ग्रंथपाल म्हणून परतला, आणि १३२३ मध्ये वारला.

त्याचा कोश वाचताना मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते त्यातलं साधं, बारीक सारीक लिहिणं. अमका माझ्याकडे आला, त्याने मला स्वतःच्या हाताने हे श्लोक लिहून दिले, तमक्याने मला पत्राने परवाना पाठवला, तमका आता तब्रीझला असतो. ही विद्वानांची पत्तावही आहे. तुटलेल्या ओळखी पुन्हा जोडायच्या असतील तर आधी कोण जिवंत आहे आणि कुठे आहे हे कळायला हवं, आणि इब्न अल-फुवती नेमकं तेच करत होता. परवाना पत्रानेही मिळत असल्यामुळे शेकडो मैलांवरच्या गुरूंशी त्याचं नातं टिकलं. बगदादचा आणि मराघाचा, शियांचा आणि सुन्नींचा, कधी कधी मंगोल सरदारांचाही या वहीत उल्लेख आहे.

मराघाला येणारे सगळे मुसलमान नव्हते. बार हिब्रायस हा सीरियन ख्रिस्ती धर्मगुरू तिथे राहिला, १२६८ मध्ये युक्लिडवर आणि १२७२ मध्ये टॉलेमीवर त्याने व्याख्यानं दिली. आपला इतिहास लिहिताना मराघाच्या ग्रंथालयातले सीरियाक, अरबी आणि फारसी ग्रंथ वापरल्याचं तो सांगतो. पूर्वेकडून एक चिनी पंडितही हुलागूबरोबर आला होता. तूसीच्या कोष्टकांत चिनी-उइगुर कालगणनेचा भाग आहे तो अशाच संपर्कातून. उलट दिशेने जमालुद्दीन नावाच्या इराणी खगोलज्ञाने १२६७ मध्ये कुबलाई खानाला सात खगोलयंत्रं नेऊन दिली.

तूसीची कोष्टकं, म्हणजे आपल्याकडच्या करणग्रंथासारखी गणिताची पुस्तकं, १२७१-७२ मध्ये पुरी झाली. खरं सांगायचं तर ती निराशाजनक आहेत. बारा वर्षांत हवी म्हणून बरीच मूल्यं जुन्या कोष्टकांतून उचललेली आहेत. नवे वेध घेतले ते मघ्रिबीने, १२६२ ते १२७४ च्या दरम्यान, आणि त्याने १२७६ मध्ये स्वतःची स्वतंत्र कोष्टकं केली. सीरियातल्या कत्तलीतून ओरडून सुटलेल्या माणसाचं काम सरकारी कोष्टकांपेक्षा सरस ठरलं, हे अभ्यासकांनी त्याचे वेध तपासल्यावरच कळलं. मराघाचं मोठेपण दुसरीकडे आहे: टॉलेमीच्या ग्रहगतीतल्या विसंगती दूर करणाऱ्या तूसी आणि उर्दी यांच्या रचना, आणि त्या पुढे नेणारा कुत्बुद्दीन शीराझी.

या शीराझीच्या आयुष्यात ग्रंथांचं जाळं कसं चालत होतं याचं सर्वांत चांगलं उदाहरण मिळतं. तो वैद्यांच्या घरातला, जन्म १२३६. इब्न सिनाचा वैद्यकग्रंथ ‘कानून’ नीट समजावा हा त्याचा ध्यास होता. शीराझमध्ये जे भाष्य मिळालं त्याने समाधान झालं नाही. मराघाला आला, तूसीकडे शिकला, तरी अडचणी राहिल्याच. १२८२ मध्ये इराणचा मंगोल राजा, म्हणजे इल्खान, अहमद तेगूदार याने त्याला इजिप्तच्या मामलूक घराण्याचा सुलतान कलाऊन याच्याकडे कैरोला वकील म्हणून पाठवलं. मंगोल आणि मामलूक एकमेकांचे हाडवैरी, पण वकिलाला वाट मोकळी असे. कैरोत त्याला ‘कानून’ वरची तीन संपूर्ण भाष्यं मिळाली, त्यातलं एक इब्न नफीसचं. ती घेऊन तो परतला आणि त्यांच्या आधारे त्याने आपलं मोठं भाष्य लिहिलं. राजकीय शिष्टाईची वाट विद्वानाने ग्रंथशोधासाठी वापरली. सरहद्द बंद होती असं जे आपण नकाशावर पाहून ठरवतो, ते पुस्तकांच्या बाबतीत खरं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याच्या शिष्याची, कमालुद्दीन फारिसीची. प्रकाशाच्या वक्रीभवनाबद्दल त्याला शंका होत्या. शीराझीला आठवलं की आपण तरुणपणी फार्सच्या एका ग्रंथालयात इब्न हैसमचा दृष्टिशास्त्रावरचा ग्रंथ पाहिला होता. मग दूर देशातून त्याची प्रत मिळवली गेली. ती हाती आल्यावर फारिसीने पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलावर प्रयोग करून इंद्रधनुष्य कसं तयार होतं याचं बरोबर स्पष्टीकरण दिलं. तरुणपणी कपाटात पाहिलेलं पुस्तक माणसाला वर्षानुवर्षं आठवत राहतं, आणि कुठून तरी प्रत आणवता येते. ग्रंथालयं नष्ट झाल्यावर जाळं टिकलं ते असं, माणसांच्या आठवणीत. शोधणारा होता आणि ओळखीचा माणूस दूर देशातही होता.

मराघा स्वतः फार काळ टिकलं नाही. तूसी १२७४ मध्ये बगदादला वारला, त्याच्या मुलांनी काम पुढे चालवलं, पण १३४० च्या सुमारास हम्दुल्ला मुस्तौफीने टेकडीवर पडझडच पाहिली. आज तिथे जोत्याचे अवशेष आहेत. तोवर ग्रंथ आणि शिष्य निघून गेले होते: तब्रीझला, समरकंदला, आणि ग्रीक भाषेत उतरून काळ्या समुद्राकाठच्या त्रेबिझोंदला, कारण ग्रेगरी किओनियादेस नावाचा विद्वान १२९५ च्या सुमारास तब्रीझला शिकून फारसी कोष्टकं ग्रीकमध्ये घेऊन गेला. आणि तूसीच्या आलमूतच्या दिवसांतल्या त्या दोन सुधारित आवृत्त्या भारतातही आल्या. जयपूरच्या सवाई जयसिंहासाठी जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकात संस्कृतात केलेला ‘रेखागणित’ हा ग्रंथ तूसीच्या युक्लिडवरून आहे, आणि ‘सम्राट्-सिद्धान्त’ त्याच्या अल्माजेस्टवरून. आपल्या जुन्या पंडितांनी युक्लिडचे सिद्धान्त संस्कृतात वाचले ते एका इस्माइली किल्ल्यात तयार झालेल्या प्रतीतून.

पुढच्या पिढीने या सगळ्यातून कसा धडा घेतला ते तब्रीझच्या रशीदुद्दीनच्या वक्फपत्रात दिसतं. तो इल्खान राज्याचा वझीर, मूळचा ज्यू वैद्य. १३०९ च्या वक्फपत्रात त्याने आपल्या वसाहतीत रुग्णालय, मदरसा, ग्रंथालय आणि लेखनशाळा यांची तजवीज केली, आणि एक कलम घातलं: दरवर्षी आपल्या प्रत्येक ग्रंथाची एक अरबी आणि एक फारसी प्रत तयार करायची आणि वेगवेगळ्या शहरांना पाठवायची. हे कलम लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे मर्व आणि बगदाद नक्की असणार, कारण त्याने स्वतः त्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहिला होता. १३१८ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली आणि त्याची वसाहत लुटली गेली. तब्रीझमधली ग्रंथालयाची इमारत गेली. त्याच्या इतिहासाची १३१४ च्या सुमाराची अरबी प्रत मात्र आज आहे. तिचे दोन तुकडे झाले, त्यातला एक एडिंबरो विद्यापीठात आणि दुसरा लंडनच्या खलीली संग्रहात ठेवलेला आहे.